जकातीच्या अपीलात नंबर बदलला होता! फोटोतील मजकुराशी केलेली छेडछाड कशी ओळखावी?

रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात एका वाचक भगिनीने आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. एका मदरशाच्या लेटरहेडवर छापलेलं जकात-फित्र्याचं अपील होतं. वर मदरशाचं नाव, खाली शिक्का आणि सही, मध्ये मुलांच्या राहण्या-जेवणाच्या खर्चाचा हिशेब आणि शेवटी पैसे पाठवण्यासाठी एक मोबाईल नंबर. सोबत त्यांचा सवाल होता, "भाई, हा मदरसा आमच्या ओळखीचा आहे. दरवर्षी तिथेच देतो. पण या वेळी नंबर वेगळा वाटतोय. उद्या पाच हजार पाठवायचे आहेत, पाठवू का?"

लेटरहेड खरं होतं, शिक्का खरा होता, सहीसुद्धा खरी होती. खोटे होते ते फक्त नंबरातले शेवटचे ४ अंक. कुणीतरी खऱ्या अपीलाचा फोटो घेऊन मोबाईलवरच ते ४ अंक पुसले, त्या जागी दुसरे टाइप केले आणि फोटो ग्रुपमध्ये सोडून दिला. जकात ही अमानत आहे. ती हकदारापर्यंत पोहोचली की नाही, हे पाहणं देणाऱ्याचीही जबाबदारी आहे. आणि खबर आली की आधी तहकीक करा, ही शिकवण तर सूरह हुजुरातच्या ६ व्या आयतीत आहेच. म्हणून हा फोटो आम्ही कसा तपासला, ते इथे सविस्तर सांगतो. यातल्या अर्ध्या गोष्टी साध्या मोबाईलवर, गॅलरीत फोटो मोठा करून करता येतात.

पांढरा कागद फोटोत कधीच सपाट नसतो

सुरुवात अक्षरांपासून नको, कोऱ्या कागदापासून करू या. मोबाईलचा कॅमेरा कागदाचा फोटो घेतो तेव्हा कागद आपल्याला एकसारखा पांढरा दिसतो. पण फोटो खूप मोठा केला की त्या पांढऱ्यात बारीक दाणे दिसतात. एक ठिपका किंचित उजळ, शेजारचा किंचित मळकट, असं सगळीकडे विखुरलेलं. या दाण्यांना नॉइज म्हणतात. प्रकाश सेन्सरवर अगदी समान पडत नाही आणि सेन्सरचं मोजमापही प्रत्येक ठिपक्याला थोडं मागेपुढे होतं, त्यामुळे हे दाणे येतात. ट्यूबलाइटखाली किंवा संध्याकाळी काढलेल्या फोटोत ते जास्त असतात, भर उन्हात कमी. पण कागदाच्या एका भागात दाणे आहेत आणि त्याच उजेडात, बोटभर अंतरावर ते अचानक गायब झालेत, असं कॅमेरा सहसा करत नाही.

छेडछाड करणारा माणूस काय करतो? जुने अंक झाकण्यासाठी तो शेजारच्या कागदाचा रंग उचलतो आणि अंकांवर त्याच रंगाचा चौकोन भरतो. डोळ्याला रंग जुळतो, पण त्या चौकोनात प्रत्येक ठिपका सारखाच असतो. दाणे नसतात.

आमच्या फोटोत हेच झालं होतं. मोबाईलच्या गॅलरीत फोटो उघडून 'एडिट'मध्ये ब्राइटनेस थोडा कमी केला आणि कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत वाढवला. तेव्हा सगळा कागद खरखरीत दिसू लागला आणि शेवटच्या ४ अंकांमागे एक गुळगुळीत पट्टी उठून दिसली. हा उपाय घरात कुणीही करून पाहू शकतो. फक्त बदललेला फोटो सेव्ह करू नका, मूळ फोटो तसाच राहू द्या.

मग आम्ही तीच गोष्ट कॉम्प्युटरवर मोजून पाहिली. गिम्प नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यात कागदाचा छोटा कोरा तुकडा निवडायचा आणि `Colors > Info > Histogram` उघडायचं. तिथे `Mean` म्हणजे त्या तुकड्याचा सरासरी उजेड दिसतो आणि `Std dev` म्हणजे ठिपके त्या सरासरीपासून किती मागेपुढे आहेत ते दिसतं. पहिल्या ६ अंकांमधल्या कोऱ्या जागेत हा आकडा २.४ आला. शेवटच्या ४ अंकांमधल्या जागेत आला ०.५. एकाच ओळीत, एकाच कागदावर, एकाच उजेडात एवढा फरक.

`Mean`ने आणखी एक गोष्ट सांगितली. फोटो काढणाऱ्याची सावली कागदावर उजव्या बाजूला पडली होती. त्यामुळे त्या ओळीतला कागद डावीकडे २१४ पासून हळूहळू उतरत उजव्या टोकाला २०३ पर्यंत गेला होता. पण ४ अंकांच्या पट्टीत मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत २०९. रंग ओळीच्या मधल्या भागातून उचलला आणि उजवीकडे भरला, म्हणून ती पट्टी सावलीतही उजळच राहिली. सावली कागदावर पडली, पण नव्या अंकांमागे पडलीच नाही.

अक्षराची कड आणि तिच्याभोवतीची उजळ रेघ

आता अंकांकडे वळू. कागदावर छापलेल्या अंकाचा फोटो निघतो तेव्हा काळ्याचा पांढरा एकदम होत नाही. लेन्स थोडी पसरट करते, हातही जरा हलतो, त्यामुळे कडेला २-३ ठिपके करड्या रंगाचे येतात. मग मोबाईल स्वतःच फोटो 'शार्प' करतो. शार्प करणं म्हणजे कडेचा फरक मुद्दाम वाढवणं. काळ्या बाजूला आणखी काळं आणि पांढऱ्या बाजूला आणखी पांढरं. त्यामुळे छापील अक्षराभोवती कागदापेक्षाही किंचित उजळ अशी एक बारीक रेघ तयार होते. इंग्रजीत तिला हेलो म्हणतात, आपण तिला कडेची झळाळी म्हणू या. ही झळाळी असणं वाईट नाही. फोटोतल्या सगळ्या अक्षरांना ती सारखीच आहे का, हे बघायचं असतं.

नंतर टाइप केलेल्या अक्षरातून लेन्सही गेलेली नसते आणि त्याच्यावर मोबाईलचं शार्पनिंगही झालेलं नसतं. त्याची कड एका ठिपक्यात संपते. झळाळी नसते. आमच्या फोटोत पहिल्या ६ अंकांभोवती ती उजळ रेघ स्पष्ट होती, शेवटच्या ४ अंकांभोवती नव्हती.

शाईचा रंगही पाहिला. छापलेली शाई फोटोत पूर्ण काळी येत नाही, कारण तिच्यावरूनही थोडा प्रकाश परततो. पहिल्या ६ अंकांत सगळ्यात गडद ठिपका ५२ च्या आसपास होता. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा, असं हे माप आहे. शेवटच्या ४ अंकांत मात्र थेट ३ आणि ५ असे आकडे होते. त्याच प्रिंटरची, त्याच ओळीतली शाई अचानक एवढी काळी होत नाही.

कधी कधी उलटंही घडतं, तेही लक्षात ठेवा. अंक टाइप न करता दुसऱ्या फोटोतून कापून चिकटवलेले असतील, तर त्यांच्यासोबत त्यांच्या जुन्या कागदाचा रंगही थोडा येतो. मग अंकाभोवती पिवळट किंवा निळसर किनार दिसते, जी बाकीच्या अंकांना नसते. म्हणजे झळाळी गायब असणं जसं संशयास्पद, तशीच फक्त काही अक्षरांना जादा किनार असणंही संशयास्पद.

जेपेगचे चौकोन आणि मागे राहिलेला पुरावा

आपल्या मोबाईलमधले बहुतेक फोटो जेपेग असतात. फाईल लहान व्हावी म्हणून जेपेग फोटोचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील थोडा थोडा काढून टाकतो. जितकी फाईल लहान करायची, तितका तपशील जास्त जातो. ज्या चौकोनात गडद अक्षराची कड असते, तिथे या कापाकापीमुळे अक्षराच्या आजूबाजूला पुसट ठिपके उमटतात, जणू अक्षराभोवती मच्छर घोंघावत आहेत. हे ठिपके अक्षराजवळच असतात. कोऱ्या कागदावर ते येत नाहीत, कारण तिथे कडच नसते.

आमच्या फोटोतला सगळ्यात पक्का पुरावा इथेच मिळाला. गुळगुळीत पट्टीच्या खालच्या कडेलगत, कोऱ्या कागदावर, असे मच्छरासारखे ठिपके होते. त्यांच्याजवळ एकही अक्षर नव्हतं. नवे अंक थोडे वर बसवलेले होते, त्यामुळे ते ठिपके त्यांचे असू शकत नव्हते. ते जुन्या अंकांचे होते. फोटो आधीच एकदा जेपेग झालेला असल्यामुळे जुन्या अंकांभोवती ठिपके पसरले होते. पुसणाऱ्याने अंक झाकले, पण त्याची पट्टी थोडी अपुरी पडली आणि खालची घाण तशीच राहिली. अंक गेले, त्यांची सावली मागे राहिली.

इथे एक सोपी खूणगाठ आहे. कॉन्ट्रास्ट वाढवल्यावर कोऱ्या कागदावर, कुठल्याही अक्षराशिवाय, मळकट ठिपक्यांची ओळ दिसली तर तिथे पूर्वी काही लिहिलेलं असण्याची शक्यता आहे.

फोटोत दोन भाग वेगवेगळ्या प्रमाणात दाबले गेलेत का, हे पाहण्याची आणखी एक रीत आहे. तिला एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस म्हणतात. फोटो पुन्हा एकदा ठराविक दर्जावर, समजा ९० वर, सेव्ह करायचा आणि मूळ फोटोतून तो वजा करायचा. जो भाग आधी अनेकदा दाबला गेला आहे त्यात आता फारसा बदल होत नाही, तो काळा दिसतो. नव्याने घातलेला भाग जास्त बदलतो, तो चमकतो. ही तपासणी `29a.ch/photo-forensics` या मोफत पानावर `Error Level Analysis` या बटणाखाली होते. फोटो आपल्या ब्राउझरमध्येच तपासला जातो, अपलोड करावा लागत नाही.

पण ही रीत वापरताना सांभाळून. आम्ही ती लावली तेव्हा मदरशाचं नाव, शिक्का, सही, हिशेबातले आकडे, सगळंच चमकलं. कारण पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे कडाच कडा, आणि कडा नेहमीच चमकतात. नवीन माणूस हे बघून म्हणेल, सगळंच पत्र बनावट आहे. ते चुकीचं ठरेल. तुलना सारख्याची सारख्याशीच करायची. अंकांची अंकांशी, कोऱ्या कागदाची कोऱ्या कागदाशी. तशी केल्यावर शेवटचे ४ अंक पहिल्या ६ पेक्षा थोडे जास्त उजळ दिसले, पण फरक इतका कमी होता की त्यावरून आम्ही निकाल दिला नसता. याचं कारण व्हॉट्सअ‍ॅप.

फॉरवर्ड होत होत खुणा पुसल्या जातात

व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान केला जातो आणि पुन्हा दाबला जातो. नवा आणि जुना, दोन्ही भाग एकाच घाण्यातून जातात. बारीक दाणे विरघळतात, झळाळी पुसट होते, दाबण्यातला फरक कमी होतो. फोटोचा आकार बदलला तर ८ बाय ८ चे जुने चौकोनही विस्कटतात. एखादा फोटो अनेक ग्रुपमधून फिरून आलेला असेल, वर कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवला असेल, तर त्यात तपासण्यासारखं फारसं उरत नाही.

म्हणून संशय आला की पहिलं काम म्हणजे साखळीत मागे जाणं. तुम्हाला ज्यांनी पाठवला त्यांना विचारा, त्यांना कुणी पाठवला? जो सगळ्यात आधीचा माणूस सापडेल, त्याला फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल व्हॉट्सअ‍ॅप दाबत नाही, ती जशीच्या तशी येते. आमच्या वाचक भगिनीने तेच केलं. त्यांच्या ग्रुपमध्ये ज्याने सर्वांत आधी टाकला, त्याच्याकडून फाईल आली आणि वर सांगितलेले सगळे आकडे आम्ही त्या फाईलवरच घेतले. फिरून आलेल्या फोटोत गुळगुळीत पट्टी दिसत होती, पण खालचे ठिपके जवळजवळ नाहीसे झाले होते.

कुठे फसगत होते

या खुणांचा उलटा अर्थही लावला जातो, आणि त्यात एखाद्या निरपराध माणसावर तोहमत येऊ शकते. म्हणून तीन गोष्टी ध्यानात असू द्या.

एक, बरेच लोक कागदपत्रांचा फोटो स्कॅनर अ‍ॅपने घेतात. हे अ‍ॅप कागद मुद्दाम शुभ्र करतं आणि सगळे दाणे पुसतं. अशा फोटोत कागद सगळीकडे सपाट दिसेल. तो सपाट आहे म्हणून बनावट नाही. आपण शोधतो ती दोन भागांतली विसंगती, नुसता सपाटपणा नाही. मोबाईलच्या स्क्रीनशॉटचंही तसंच. तिथे कॅमेराच नसतो, त्यामुळे दाण्यांची कसोटी तिथे लागूच होत नाही.

दोन, कागदावरच केलेली दुरुस्ती. समजा मदरशानेच चुकलेल्या नंबरावर व्हाइटनर लावून पेनाने नवा नंबर लिहिला आणि मग फोटो काढला. तिथे व्हाइटनरवरही कॅमेऱ्याचे दाणे येतील, सावली येईल, झळाळी येईल. फोटो खरा आहे, बदल कागदावर झाला आहे. या खुणा फोटो काढल्यानंतर झालेला बदल दाखवतात, त्याच्या आधीचा नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. एखाद्या हुशार ठगाने नंबर बदलून पत्र पुन्हा छापलं आणि त्या छापील कागदाचा नवा फोटो काढला, तर सगळं एकसारखं येईल. दाणे सारखे, कडा सारख्या, दाब सारखा. आमची एकही कसोटी काही बोलणार नाही. म्हणजे खुणा सापडल्या तर बदल झाल्याचा भक्कम संशय घ्या, पण खुणा सापडल्या नाहीत म्हणून मजकूर खरा आहे, असं कधीच समजू नका.

शेवटी काय निघालं

आमच्याकडे चार स्वतंत्र गोष्टी होत्या. सपाट पट्टी, सावलीचा मेळ नसणं, कडांचा आणि शाईचा फरक, आणि जुन्या अंकांचे उरलेले ठिपके. यातली एकेक गोष्ट एकटी असती तर आम्ही गप्प बसलो असतो. चारही एकाच जागी, त्याच ४ अंकांवर बोट ठेवत होत्या.

तरीही निकाल फोटोने दिला नाही. वाचक भगिनीकडे गेल्या वर्षीची मदरशाची पावती होती. तिच्यावर छापलेल्या नंबरावर त्यांनी फोन केला. मौलाना साहेबांनी खरा नंबर सांगितला. पहिले ६ अंक तेच, शेवटचे ४ वेगळे. त्यांच्याकडचं मूळ पत्रही त्यांनी दाखवलं. तोपर्यंत ग्रुपमधल्या दोन घरांतून पैसे गेलेले होते. त्या दोघांना लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगितलं. पैसे पुढे सरकण्याआधी ते रोखण्याची संधी असते, म्हणून तिथे तास-दोन तासही महत्त्वाचे. लेखी तक्रार `cybercrime.gov.in` वर करता येते. तक्रार करताना ग्रुपमधला तो मेसेज डिलीट करू नका. कुणी, किती वाजता टाकला, ते त्यातूनच कळतं.

यूपीआयवर पैसे पाठवताना 'पे' दाबण्याआधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं बँकेतलं नाव दिसतं. अपील मदरशाचं किंवा ट्रस्टचं असेल आणि नाव भलत्याच माणसाचं दिसत असेल, तर तिथेच थांबा. आणि अपीलावरच्या नंबराची खात्री त्याच अपीलावरच्या नंबरावर फोन करून करू नका. जुनी पावती, मशिदीतली जमात किंवा तिथे शिकणाऱ्या मुलाचे पालक, यांच्याकडून नंबर घ्या.

वाचक भगिनीचे पाच हजार त्याच संध्याकाळी इफ्तारच्या आधी योग्य ठिकाणी पोहोचले. पावतीचा फोटो त्यांनी आम्हालाही पाठवला, डॉक्युमेंट म्हणून.